विटलेल्या डब्याची ओळख

जुन्या डब्यावरचे नाव पुसले, तरी त्याची ओळख बऱ्याचदा शिल्लक राहते. मुंबईच्या चोरबाजारातील एका जुन्या वस्तूंच्या दुकानाची कल्पना करू. गिऱ्हाईक मोबाइलवर आजीच्या स्वयंपाकघरातील गोल पत्र्याच्या डब्याचा फोटो दाखवते. अक्षरे गेलेली, रंग फिकट. दुकानदार मात्र आधी अक्षरांकडे पाहत नाही. उन्हाने पिवळे-तांबडे रंग बहुधा लवकर विटतात, निळे-काळे जास्त टिकतात. त्यामुळे पार्श्वभूमी मळकट पांढरी झाली, तरी मधली निळसर झाडाची आकृती उरते. ते माडासारखे झाड पाहून तो म्हणतो, “हा डालडा!” वनस्पती तुपाचा हा ब्रँड 1937 मध्ये भारतात आला आणि पिवळ्या डब्यावरच्या हिरव्या झाडामुळे घरोघरी पोचला.

मग तो डब्याचा काळ ठरवायला आणखी फोटो मागतो. वजन पौंडांत असेल, तर डबा बहुधा मेट्रिक मापे सक्तीची होण्याआधीचा, म्हणजे साधारण 1962 पूर्वीचा. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल, तर तो 1972 नंतरचा, कारण ही पद्धत त्या वर्षी सुरू झाली.

फोटोला मर्यादाही आहेत. पिवळ्या दिव्याखाली पांढरा पत्राही पिवळा दिसतो, आणि नव्याने रंगवलेला डबा सहज फसवतो. गंजाच्या आतही एकसारखा चकचकीत रंग शिरलेला दिसला, तर तो नंतर दिलेला असतो. अशा वेळी डबा हातात घेतल्याशिवाय दुकानदार किंमत सांगत नाही.