गच्चीचं भाडं की गच्चीवरची वीज?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत सामाईक गच्ची कोणा एका सभासदाची नसते. सर्वात वरच्या मजल्यावरच्या सदनिकाधारकाचा तिच्यावर वेगळा हक्क नसतो. अभिहस्तांतरण झालं असेल, तर बिल्डरचाही नसतो. ते झालेलं नसेल, तर भाड्यावर बिल्डर दावा सांगू शकतो. म्हणून मोबाइल टॉवर कंपनीशी बोलणी सुरू करण्याआधी मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज मार्गी लावणं शहाणपणाचं ठरतं.

भाडं सोसायटीच्या खात्यात जमा होतं. ते सभासदांत रोखीने वाटून घेता येईल, ही समजूत चुकीची आहे. सहकार कायद्यानुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि निबंधकांच्या मंजुरीशिवाय 15 टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही. हा लाभांश भागभांडवलावर मोजला जातो. 50 रुपयांचे पाच भाग धरले, तर एका सभासदाच्या वाट्याला वर्षाला फक्त साडेसदतीस रुपये येतात. भाड्याचा खरा उपयोग दुरुस्ती, रंगकाम आणि देखभालीचा बोजा हलका करण्यातच आहे.

उदाहरणादाखल 36 सदनिकांची एक इमारत घेऊ. टॉवरचं भाडं दरमहा 40,000, म्हणजे वर्षाला 4,80,000 रुपये. सभासदांकडून मिळणाऱ्या देखभाल वर्गणीवर परस्परतेच्या तत्त्वामुळे प्राप्तिकर लागत नाही. टॉवर कंपनी मात्र सभासद नसते, त्यामुळे तिने दिलेलं भाडं करपात्र ठरतं. ते घरभाड्याचं उत्पन्न धरलं, तर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि 3,36,000 रुपये उरतात. सहकारी संस्थांच्या नेहमीच्या दरांनुसार पहिल्या 10,000 रुपयांवर 10 टक्के, पुढच्या 10,000 वर 20 टक्के आणि बाकीच्यावर 30 टक्के कर लागतो. उपकर धरून तो सुमारे 1,01,700 रुपये होतो. हातात साधारण 3,78,000 रुपये राहतात, म्हणजे प्रत्येक सदनिकेमागे महिन्याला पावणेनऊशे रुपये.

परवानग्यांची सुरुवात सर्वसाधारण सभेच्या ठरावापासून होते. नुसत्या समितीच्या ठरावावर केलेला करार पुढे वादात सापडतो. गळती आणि जनरेटरचा आवाज वरच्या मजल्यालाच सोसावा लागत असल्याने तिथल्या रहिवाशांची संमती लेखी घेतलेली बरी. केंद्राच्या मार्गाधिकार नियमांत 2022 मध्ये बदल झाला. त्यानुसार खासगी इमारतीवरच्या टॉवरसाठी कंपनीला स्थानिक संस्थेची परवानगी लागत नाही. काम सुरू होण्याआधी लेखी सूचना आणि संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र मात्र द्यावं लागतं. हे प्रमाणपत्र सोसायटीने आपल्या अभियंत्याकडून पुन्हा तपासून घ्यावं. स्लॅबवर मोकळा टेकलेला पाया आणि स्तंभांवर भार सोपवणारा पाया यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

किरणोत्सर्गाची भीती बहुधा चुकीच्या दिशेला असते. अँटेनाचा झोत जवळजवळ आडवा जातो, त्यामुळे थेट खालच्या सदनिकेपेक्षा समोरच्या तेवढ्याच उंचीच्या इमारतीवर तो अधिक पडू शकतो. भारताने 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा भाग स्वीकारला. 900 मेगाहर्ट्झला ही मर्यादा दर चौरस मीटरला 0.45 वॅट येते. शंका असेल, तर ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते. उलट, टॉवर बसवण्यासाठी सोसायटीकडेच आगाऊ ‘नोंदणी शुल्क’ मागणारा फोन आला, तर ती फसवणूक समजावी.

सौर पॅनलचं गणित वेगळं आहे, कारण वाचलेलं बिल हे उत्पन्न नसतं आणि त्यावर प्राप्तिकरही लागत नाही. त्याच इमारतीत लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी 15 किलोवॅटची यंत्रणा बसवली, तर सुमारे 1,500 चौरस फूट जागा लागेल. किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरली, तर महिन्याला 1,800 युनिट मिळतील. युनिट 10 रुपयांचं धरलं, तर दरमहा 18,000 रुपये वाचतात. सदनिकेमागे हे 500 रुपये होतात, म्हणजे टॉवरपेक्षा कमी, पण करमुक्त. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. इथे ते 2,70,000 रुपये होईल.

यासाठीही सभेचा ठराव लागतो. त्यानंतर वीज कंपनीकडे नेट मीटरिंगचा अर्ज करायचा. यंत्रणा सामाईक मीटरच्या मंजूर भारापेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून मंजूर भार आधी तपासावा. जास्तीची वीज वर्षअखेरपर्यंत बिलात वळती होते, त्यानंतर उरलेल्या युनिटांना कमी दर मिळतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून कमाई होत नाही.

स्वतः गुंतवणूक न करता सौर प्रकल्पाच्या विकासकाला गच्ची देण्याचाही मार्ग आहे. त्यात भाडं बहुधा नसतं. सोसायटी त्याची वीज ठरलेल्या दराने घेते, पण करार 20-25 वर्षांचा असतो. तेवढ्या काळात गच्चीचं वॉटरप्रूफिंग निदान एकदा नव्याने करावंच लागतं. पॅनल काढून पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा आणि मधल्या काळात बुडालेल्या विजेचं काय, ही दोन कलमं करारात नसतील, तर सही करू नये. पुनर्विकासाचा विचार असेल, तर मुदतीआधी करार संपवण्याची अटही हवी. टॉवरच्या करारालाही हेच लागू आहे.