पिन मिळण्याआधीचं पत्र

ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्सच्या जागेसाठी अर्ज करायचा, तर त्यासोबतचं पत्र वाचणारा माणूस बहुधा वॉर्डाचा मॅनेजर असतो. त्याच्या हातात त्या जागेची एक यादी असते: कोणत्या गोष्टी असायलाच हव्यात आणि कोणत्या असल्यास उत्तम. तो पत्र वाचत यादीवर खुणा करत जातो. जी गोष्ट सापडत नाही, तिचे गुण मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडच्या मुली लिहितात ते ‘मी कष्टाळू, प्रामाणिक आणि सेवाभावी आहे’ हे वाक्य खरं असलं तरी तिथे त्यांच्या उपयोगी पडत नाही. ही यादी जाहिरातीसोबतच दिलेली असते. ती वाचल्याशिवाय पत्राची पहिली ओळही लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षं आयसीयूत काम करणाऱ्या नर्सचं उदाहरण घेऊ. बी.एस्सी. नर्सिंग झालेलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली, तीन वर्षांच्या मुलाची आई. तिने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: ‘मला अतिदक्षता विभागाचा दीर्घ अनुभव असून मी सर्व प्रकारच्या रुग्णांची काळजी घेते.’ यातून वॉर्ड मॅनेजरला काय कळणार? बदलून लिहिल्यावर तेच असं झालं: ‘बारा खाटांच्या मेडिकल आयसीयूत एका शिफ्टला माझ्याकडे दोन रुग्ण असतात, त्यातला एक बहुतेकदा व्हेंटिलेटरवर. रात्रपाळीत एका रुग्णाचा श्वासाचा वेग 18 वरून 26 वर गेला आणि लघवीचं प्रमाण कमी झालं, तेव्हा ऑक्सिजन पातळी अजून ठीक असतानाच मी डॉक्टरांना बोलावलं. तपासणीत सेप्सिस निघाला आणि अँटिबायोटिक त्याच तासात सुरू झालं.’ आता नर्स समोर उभी राहते. ब्रिटनच्या रुग्णालयांत श्वास, नाडी, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजन आणि शुद्धी यांना गुण देऊन रुग्ण बिघडतोय का हे ओळखण्याची ‘न्यूज टू’ नावाची पद्धत आहे. ती आधीच शिकून घेतली असेल, तर एका वाक्यात तसं सांगावं. पहिल्या दिवसापासून तोच तक्ता हातात येणार असतो.

परवान्याचा परिच्छेद सगळ्यात जपून लिहायचा असतो. ब्रिटनमध्ये ‘रजिस्टर्ड नर्स’ ही पदवी कायद्याने राखीव आहे. नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी, नोंदणी करून जो क्रमांक देते त्याला सगळे ‘पिन’ म्हणतात, आणि पिन हातात येईपर्यंत स्वतःला तिथली रजिस्टर्ड नर्स म्हणवता येत नाही. भारतातली नोंदणी कितीही जुनी असली तरी तिने हा प्रश्न सुटत नाही. भारतातून अर्ज करणारी नर्स पिनच्या वाटेवर कुठेतरी मध्येच असते. ती नेमकी कुठे आहे, हे पत्रात स्पष्ट लिहायचं.

ही वाट अशी आहे. इंग्रजीची परीक्षा भारतात देता येते. ओईटी दिली तर वाचन, श्रवण आणि बोलणं यांत बी, लेखनात सी प्लस लागतो. आयईएलटीएस दिली तर त्याच क्रमाने 7 आणि लेखनात 6.5. मग संगणकावरची सीबीटी परीक्षा, तीही भारतातल्या केंद्रांवर होते. तिचे दोन भाग: औषधाच्या मात्रेची गणितं आणि नर्सिंगचं ज्ञान. त्याच सुमारास आपल्या राज्याच्या कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी थेट एनएमसीकडे जावी लागते. शेवटची ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ब्रिटनमध्येच होते. नोकरी सुरू झाल्यापासून 12 आठवड्यांच्या आत ती पहिल्यांदा द्यावी लागते, आणि पास झाल्यावरच पिन मिळतो. तोवर पगार आणि जबाबदारी दोन्ही नर्सच्या खालच्या दर्जाचे असतात.

सांगलीच्या नर्सचा परिच्छेद असा झाला: ‘मी एनएमसीकडे अर्ज केला आहे. ओईटी मार्चमध्ये आणि सीबीटीचे दोन्ही भाग जूनमध्ये उत्तीर्ण झाले. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची पडताळणी एनएमसीला पोहोचली आहे. ऑस्की राहिली आहे. तिची तयारी मी करत आहे.’ एवढंच. यात महिन्यांसोबत वर्षंही हवीत, कारण सीबीटीचा निकाल दोन वर्षंच चालतो. मॅनेजर तारीख पाहून मुदतीत ऑस्की होईल का याचा हिशेब करतो. ‘परवान्याची प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच लिहिणाऱ्याने खरं तर काहीच केलेलं नसावं, अशी शंका त्याला येते.

आपल्याकडच्या विवाहित नर्सेसना इथे आणखी एक अडचण हमखास येते. पदवी आणि कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. त्यात कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे. पत्राच्या वर आणि सह्या करताना पासपोर्टवरचंच नाव वापरावं, आणि ‘माझी शैक्षणिक कागदपत्रं विवाहापूर्वीच्या नावाने आहेत, विवाहनोंदणीचा दाखला सोबत आहे’ अशी एक ओळ घालावी. ही ओळ नसली की कागद पडताळणारा माणूस दोन वेगळ्या बायका समजून अर्ज बाजूला ठेवू शकतो.

स्थलांतराचा भाग छोटा, पण खरा असावा. ‘मी लगेच येऊ शकते’ असं लिहू नये. तिच्या रुग्णालयात तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि मूळ प्रमाणपत्रं तिथे जमा आहेत. म्हणून तिने लिहिलं: ‘नियुक्तिपत्र मिळाल्यापासून चार महिन्यांत मी रुजू होऊ शकते. त्या काळात नोटीस पूर्ण करीन, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि क्षयरोग तपासणीचा दाखला मिळवीन.’ हा दाखला मान्यताप्राप्त दवाखान्यातलाच लागतो आणि सहा महिनेच चालतो, म्हणून तो फार आधी काढून ठेवायचा नाही. प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र रुग्णालय देतं. ते पत्रात मागायचं नसतं, गरज असल्याचं फक्त सांगायचं असतं.

कुटुंबाबद्दल तिने एकच वाक्य ठेवलं: आधी मी येईन, ऑस्की झाल्यावर पती आणि मुलगा येतील. नर्सला जोडीदार आणि मुलांना नेण्याची मुभा आहे. पण पतीला भारतातच ठेवून फक्त मुलाला बोलवायचं, तर व्हिसाचे नियम सहसा आड येतात, कारण साधारणपणे दोन्ही पालक तिथे असावे लागतात. हे घरात आधी बोलून घ्यावं.

गेल्या काही वर्षांत ब्रिटनने परदेशी नर्सेसची भरती बरीच आवरती घेतली आहे. त्यामुळे जागा कमी आणि अर्ज जास्त झाले आहेत, आणि घाईघाईत लिहिलेलं पत्र आता चालून जात नाही. याच काळात पैसे घेऊन नोकरी ‘लावून देणारे’ही वाढले. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या भरतीसंहितेनुसार भरती करणाऱ्या एजन्सीने उमेदवाराकडून नोकरी मिळवून देण्याचे पैसे घ्यायचे नसतात. कुणी मागितले, तर त्याला आपलं पत्र आणि कागद देऊ नका; जाहिरात रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा आणि तिथूनच अर्ज करा.