स्टेटसवरील जाहिरात लोक पाहतात की ओलांडून जातात?

रायपूर : दिवाळीच्या तोंडावर रायपूरच्या मराठी वस्त्यांमधून चकली, अनारसे, करंज्यांची घरगुती विक्री सुरू होते, तेव्हा तिची जाहिरात बहुधा व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरच होते. खर्च काही नाही आणि पाहणारे ओळखीचे. मात्र ओळखीचे असल्यामुळेच कंटाळल्यावर ते तक्रार करीत नाहीत. स्टेटस ‘म्यूट’ करून मोकळे होतात. म्यूट केल्याची सूचना विक्रेत्याला मिळत नाही.

हे माध्यम मुळात किती दूर पोहोचते, हे आधी पाहायला हवे. सध्याच्या स्वरूपातील स्टेटस २०१७मध्ये आले आणि ते २४ तासांनी नाहीसे होते. ते दिसण्यासाठी दोन्ही बाजूंच्या फोनमध्ये एकमेकांचा क्रमांक जतन केलेला असावा लागतो. त्यामुळे विक्रेत्याकडे चारशे ग्राहकांचे क्रमांक असले तरी ज्यांनी त्याचा क्रमांक जतन केलेला नाही, त्यांना चित्रफीत दिसतच नाही. डबा देताना ‘क्रमांक जतन करून ठेवा’ असे सांगणे म्हणूनच चित्रीकरणाइतकेच उपयोगी ठरते.

कंटाळा येण्याचे मुख्य कारण संख्या हे आहे. स्टेटस टाकणाऱ्याच्या छायाचित्राभोवतीचे वर्तुळ जितकी स्टेटस तितक्या तुकड्यांत विभागलेले दिसते. बारा तुकड्यांचे वर्तुळ पाहिले की ते उघडण्याआधीच पुढे काय वाढून ठेवले आहे, हे समोरच्याला कळते. २०२४मध्ये एका चित्रफितीची मर्यादा एक मिनिटापर्यंत वाढली. ती सगळी वापरलीच पाहिजे, असे मात्र नाही. दहा भित्तिपत्रकांऐवजी वीस सेकंदांची एकच चित्रफीत पुरते.

समजा, चौबे कॉलनीतील एखाद्या गृहिणीला चकलीच्या मागण्या घ्यायच्या आहेत. तिने सुरुवातीला नाव, बोधचिन्ह किंवा ‘शुभ दीपावली’ दाखवू नये. पहिल्या तीन सेकंदांत सोऱ्यातून चकली पडावी आणि लगेच कढईतले तेल चुरचुरावे. पुढचे आठ-नऊ सेकंद तळणी, निथळणे आणि मोडल्यावर आतून दिसणारी जाळी. त्यानंतर डबा, त्यावर वजन व किंमत. हे दृश्य निदान पाच सेकंद स्थिर राहावे. शेवटचे तीन सेकंद मागणीची अंतिम तारीख आणि ‘येथेच उत्तर द्या’ एवढेच. किंमत लपवून ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’ असे लिहिले की पाहणाऱ्यावर विचारपूस करण्याचे ओझे पडते आणि बहुतेक जण ते टाळतात.

फोन उभा धरावा. वर नाव व प्रगतीची रेघ, तर खाली उत्तराची जागा असते. म्हणून अक्षरे मधल्या भागात आणि ठळक हवीत. व्हॉट्सअॅप चित्रफितीचा आकार कमी करते तेव्हा बारीक अक्षरे आणि हलत्या कॅमेऱ्याची दृश्ये प्रथम बिघडतात. कॅमेरा टेकवून स्थिर ठेवावा, हलू द्यायचे ते पदार्थाला. कार्यालयात बसलेले अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे किंमत केवळ बोलून सांगणे पुरेसे नाही. रायपुरात पाहणारे मराठी तसेच हिंदी व छत्तीसगढी भाषक असतात. पडद्यावर दोन भाषांची गर्दी करण्यापेक्षा दोन चित्रफिती करून ‘ओन्ली शेअर विथ’ या पर्यायाने त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवणे बरे. ही निवड बदलेपर्यंत पुढच्या स्टेटसलाही लागू राहते, हे विसरल्यास घरच्या समारंभाचे छायाचित्र केवळ ग्राहकांनाच दिसत राहते.

परिणाम मोजण्याची सोय आतच आहे. प्रत्येक स्टेटसखाली पाहणाऱ्यांची वेगळी यादी असते. समजा, एका दिवशीच्या सहा स्टेटसपैकी पहिले ९० जणांनी आणि सहावे ३५ जणांनी पाहिले, तर मधल्या स्टेटसमध्येच लोक निघून गेले, हे उघड आहे. एकच चित्रफीत असेल तर असा उतार दिसत नाही. शेवटपर्यंत किती जणांनी पाहिली, हेही यादी सांगत नाही. तेथे आलेली उत्तरेच मोजावी लागतात. ही यादी पूर्णही नसते. ज्यांनी ‘रीड रिसीट’ बंद ठेवले आहे, ते पाहूनही यादीत येत नाहीत आणि विक्रेत्याने स्वतः ते बंद केले असेल तर त्याला कोणीच दिसत नाही. रोज यादीत असणारी नावे आठवडाभर एकदमच गायब झाली, तर म्यूटची शंका घ्यायला जागा आहे. तेव्हा काही दिवस विक्रीचे काहीही न टाकणे इष्ट.

मागण्या पूर्ण झाल्या की चित्रफीत लगेच काढून टाकावी. विसाव्या तासाला ती पाहणाराही पैसे पाठवायला तयार असतो, आणि त्याला ‘संपले’ असे कळवणे विक्रेत्याला अधिक महाग पडते.