सँपल लावण्याआधी

वाळूज, तारापूर किंवा गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत गोळ्यांचे सँपल एचपीएलसीवर लावण्याआधी यंत्राचीच परीक्षा होते. तिला सिस्टिम सुटेबिलिटी म्हणतात. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे स्टँडर्ड द्रावण यंत्राला द्यायचे आणि ते उत्तर नीट येते का पाहायचे. आले नाही, तर सँपलला हात लावायचा नाही.

एचपीएलसीत द्रावण एका पोलादी नळीतून, म्हणजे कॉलममधून, मोठ्या दाबाने ढकलतात. कॉलममध्ये सिलिकाची अतिबारीक पूड ठासून भरलेली असते. द्रावणातला प्रत्येक घटक तिला कमीजास्त चिकटतो आणि आपापल्या वेळी बाहेर पडतो. पडद्यावर त्याचा एक उंचवटा उमटतो, तो पीक. पीकच्या क्षेत्रफळावरून घटक किती आहे ते कळते.

एक उदाहरण घेऊ. औषधाचा पीक ६.० मिनिटांना येतो आणि एका अशुद्धीचा त्याच्या मागोमाग, ६.५ मिनिटांना. निम्म्या उंचीवर मोजलेली त्यांची रुंदी ०.१५ आणि ०.१६ मिनिटे आहे. वेळेला रुंदीने भागून आलेल्या आकड्याचा वर्ग ५.५४ने गुणला की प्लेट काउंट मिळतो. इथे औषधाच्या पीकचा तो सुमारे ८,८६० येतो. पीक जितका सडपातळ, तितका हा आकडा मोठा. रिझोल्यूशन म्हणजे दोन पीकमधली फारकत. वेळेतला फरक १.१८ने गुणायचा आणि दोन्ही रुंदींच्या बेरजेने भागायचा. उत्तर १.९. साधारण सारख्या उंचीचे दोन पीक १.५ला पुरते सुटे झाले असे धरतात, म्हणजे इथे काळजी नाही.

आता तोच कॉलम शेकडो इंजेक्शनांनंतर पाहा. पीक अजूनही ६.० आणि ६.५ मिनिटांनाच येतात, म्हणून नुसत्या वेळा पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. पण रुंदी ०.२१ आणि ०.२२ झाली आहे. प्लेट काउंट सुमारे ४,५०० आणि रिझोल्यूशन १.३७. दोन्ही पीक पायथ्याशी एकमेकांत शिरले आहेत.

टेलिंगचा विचार मात्र जास्त बारकाईने करायला हवा. पीकची मागची बाजू लांबत गेली की शेपूट तयार होते. तिचे माप पीकच्या ५ टक्के उंचीवर घेतात. तिथली पूर्ण रुंदी पुढच्या अर्ध्या भागाच्या दुपटीने भागायची. रुंदी ०.४५ आणि पुढचा भाग ०.१५ असेल तर टेलिंग १.५. बऱ्याच पद्धतींत २.०पर्यंत चालते. पण आपली अशुद्धी खऱ्या सँपलमध्ये जेमतेम ०.१ टक्का असते. तिचा पीक त्या ५ टक्क्यांच्या रेषेच्या कितीतरी खाली असतो आणि औषधाच्या शेपटात सहज बुडतो. अशुद्धी औषधाच्या आधी येत असती तर हे शेपूट तिच्या वाटेत आले नसते. मागून येणाऱ्या अशुद्धीसाठी २.०ची मर्यादा मला फारच सैल वाटते.

शेपूट कुठून आले, तेही क्रोमॅटोग्राम सांगतो. सगळेच पीक लांबले असतील तर कॉलमच्या तोंडाशी पोकळी पडली असावी किंवा नळीचा जोड नीट बसला नसावा. फक्त अल्कधर्मी, अमाइन गट असलेल्या रेणूंचेच पीक लांबले असतील, तर सिलिकावरचे उघडे सिलॅनॉल गट त्यांना धरून ठेवत असतात.

हे तीन आकडे उत्तम असूनही यंत्र दर वेळी सारखेच द्रावण आत घेते आहे का, हे कळत नाही. त्यासाठी एकच स्टँडर्ड पाच वेळा इंजेक्ट करतात. समजा क्षेत्रफळे आली १२५०, १२४६, १२५३, १२४८ आणि ११९८. सापेक्ष विचलन, म्हणजे आरएसडी, १.८६ टक्के. मर्यादा २.०, म्हणून कागदावर पास. पण पाचवा आकडा इतरांपेक्षा चार टक्क्यांनी खाली आहे, आणि समजूतदार केमिस्ट इथे थांबतो. पीकची वेळही सरकली असेल तर संशय पंपावर जातो. वेळ जागच्या जागी असून क्षेत्रफळच घटले असेल तर इंजेक्टरकडे पाहायचे: सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा, किंवा काठोकाठ भरलेली व्हायल. अशा व्हायलमधून द्रावण ओढले की आत निर्वात तयार होतो आणि पुढचे इंजेक्शन कमी भरते.

मोह इथेच होतो. आणखी दोन इंजेक्शने मारायची आणि सातांतली चांगली पाच निवडायची. ते चालत नाही. कारण शोधायचे, ते नोंदवायचे, दुरुस्ती करायची आणि पाचही इंजेक्शने नव्याने घ्यायची. ‘ट्रायल’ म्हणून खऱ्या बॅचचेच सँपल आधी लावून पाहणे तर त्याहून गंभीर. अमेरिकेच्या एफडीएने २०१८च्या डेटा इंटेग्रिटीवरच्या मार्गदर्शनात अशा प्रकाराला स्पष्ट हरकत घेतली आहे.

सकाळी पास झालेले यंत्र रात्रीपर्यंत तसेच राहील याची खात्री नसते. म्हणून लांबलचक क्रमात सँपलच्या मध्ये आणि शेवटी तेच स्टँडर्ड पुन्हा लावतात. शेवटचे स्टँडर्ड मर्यादेबाहेर गेले, तर आधीच्या चांगल्या स्टँडर्डनंतरच्या सगळ्या सँपलचे निकाल बाजूला ठेवून चौकशी सुरू होते, मग ते आकडे कितीही सुरेख असोत.