साठेखताचे वाचन : ओळीमागून ओळ

विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. यंत्रमाग, कापड आणि देशभर विखुरलेले सोने-चांदी गलाई व्यावसायिक ही या गावाची ओळख. येथील पेठेतील जागा बहुधा ओळखीवर विकली जाते. दोन्ही घराणी एकमेकांस दोन पिढ्यांपासून जाणतात, शब्द दिला जातो, विसार दिला जातो आणि मग कोणीतरी जुन्या व्यवहारातील मसुद्यात नावे बदलून नवे साठेखत टंकलिखित करून आणतो. पक्षकार त्यातील किंमत आणि चतुःसीमा एवढेच लक्षपूर्वक वाचतात. उरलेली पाने सही करण्यासाठी उलटली जातात.

ही पाने वाचावी कशी, हे दाखविणारा एक संवाद पुढे दिला आहे. व्यवहार नमुन्याचा आहे आणि आकडे समजण्यास सोपे घेतले आहेत. कायदा मात्र प्रत्यक्षातला आहे. एक तरुण कापड व्यापारी आयुष्यातील पहिली जागा घेत आहे. खाली दुकान, वर राहण्याच्या दोन खोल्या, किंमत 42 लाख रुपये. विकणारे दोघे भाऊ. मसुदा त्यांच्याकडून आला आहे आणि खरेदीदाराने तो आपल्या वकिलांपुढे ठेवला आहे.

वकिलांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. “वर ‘कायम खरेदीचे साठेखत’ असे लिहिले आहे. यातील ‘कायम’ हा शब्द मनातून काढून टाका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 54 सांगते की, विक्रीच्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालक होण्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. साठेखताने तुम्हांला मिळतो तो खरेदीखत करून मागण्याचा अधिकार. तो अधिकार किती भक्कम, हे पुढच्या प्रत्येक ओळीवर ठरणार आहे.”

“पुढे वाचा. ‘सदर मिळकत आमचे वडिलांनी स्वकष्टाने खरेदी केलेली असून त्यांचे पश्चात आम्ही दोघे मालक आहोत.’ वडिलांनी मृत्युपत्र केले होते का?”

“नाही. आईही हयात नाहीत. मिळकत पत्रिकेवर दोघांचीच नावे आहेत, ती प्रत मी आणली आहे.”

“त्यांना बहीण आहे?”

“आहे. लग्न होऊन कोल्हापूरला असते. तिने हक्क सोडल्याचे कागदावर लिहून दिले आहे म्हणतात.”

“तो कागद नोंदणीकृत आहे का, ते विचारा,” वकील म्हणाले. “हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता वडील वारले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणजे तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश. स्थावरातील हक्क साध्या कागदावर किंवा नगरपरिषदेत दिलेल्या संमतीपत्रावर सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. मिळकत पत्रिकेवर नाव नाही म्हणून वाटाही नाही, असे होत नाही. आज तुम्ही या दोघांकडून खरेदी घेतलीत, तर 42 लाख देऊन दोन तृतीयांशच जागा घ्याल आणि उरलेल्या 14 लाखांच्या वाट्यासाठी तुमच्यावर वाटपाचा दावा येऊ शकेल.”

“मग काय करावे?”

“दोनपैकी एक. बहिणीने या साठेखतावर आणि पुढे खरेदीखतावर ‘लिहून देणार’ म्हणून सही करावी, किंवा आधी हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे. ‘संमती देणार’ म्हणून कोपऱ्यात सही घेण्याची पद्धत आहे. ती पुरेशी समजू नका. जिचा वाटा आहे ती विकणारी आहे. तिने विकणारी म्हणूनच यावे.”

यानंतरची ओळ प्रत्येक साठेखतात असते : ‘सदर मिळकत निर्वेध व बोजारहित आहे.’ वकिलांनी विचारले, “वडिलांचे मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहिलेत?”

“झेरॉक्स पाहिली. मूळ प्रत तिजोरीत आहे, नंतर देऊ म्हणाले.”

“मूळ दस्त दिसत नाही, तेव्हा तो कर्जापोटी कोठे तरी ठेवलेला असण्याची शक्यता धरून चालावे. दस्त ठेवून केलेले गहाण पूर्वी दुय्यम निबंधकांच्या नोंदीत येतच नसे. 2013 पासून महाराष्ट्रात त्याची सूचना दाखल करावी लागते, पण त्याआधीचे गहाण नुसत्या शोध अहवालात सापडेलच असे नाही. तीस वर्षांचा शोध आपण घेऊच. मात्र मूळ दस्त पाहिल्याखेरीज विसाराचा धनादेश फाडू नका.”

त्याच दिवशी भावांकडे निरोप गेला आणि उत्तर आले की, दस्त एका पतसंस्थेत असून साधारण 6 लाखांचे कर्ज बाकी आहे. वकिलांना याचे नवल वाटले नाही. “कर्ज असणे हा दोष नव्हे, ते मसुद्यात नसणे हा दोष. आता पैशांचे कलम त्याप्रमाणे बदलू.”

मसुद्यात विसार 5 लाख, त्यांपैकी 3 लाख रोख. दीड महिन्यांनी 10 लाख आणि खरेदीखताच्या वेळी 27 लाख, असे हप्ते होते. रोखीच्या ओळीवर वकिलांनी फुली मारली. “जमीन-जागेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास 1 जून 2015 पासून आयकर कायद्याने मनाई आहे. घेणाऱ्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. उद्या वाद झाला, तर ते तीन लाख दिल्याचा पुरावा उभा करणे तुम्हांलाच जड जाईल. सर्व रक्कम बँकेमार्फत द्या आणि धनादेशाचा क्रमांक, तारीख, बँक मसुद्यात लिहा.”

“दुसऱ्या 10 लाखांपैकी 6 लाख थेट पतसंस्थेच्या कर्जखात्यात, पे ऑर्डरने. पतसंस्थेने बेबाकी दाखला द्यावा, बोजा उतरवून द्यावा आणि मूळ दस्त त्याच वेळी मोकळा करावा. उरलेले 4 लाख तो दस्त हाती आल्यावर. 27 लाखांचे कर्ज तुमची बँक देणार आहे. तिलाही हाच मूळ दस्त लागेल.”

मुदतीचे कलम असे होते : ‘सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत खरेदीखत करून द्यावयाचे आहे.’ खरेदीदारास यात काही वावगे दिसले नाही.

“तीन महिने कोणत्या दिवसापासून?” वकिलांनी विचारले. “विसारापासून, बहिणीच्या सहीपासून, की बोजा उतरल्यापासून? स्थावराच्या व्यवहारात मुदत हाच कराराचा प्राण आहे असे न्यायालय सहसा गृहीत धरत नाही. पण मसुद्यात तसे स्पष्ट लिहिले, तर चित्र बदलते. आपण एक तारीख लिहू आणि विक्रेत्यांनी त्याआधी करावयाची कामे क्रमाने लिहू. त्यांच्याकडून विलंब झाल्यास तुमची मुदत तितकी वाढेल, असेही लिहू. तारखेचा आणखी एक उपयोग आहे. करारपूर्तीचा दावा त्या तारखेपासून तीन वर्षांत आणावा लागतो.”

“दाव्याची वेळ का येईल?”

“येऊ नये म्हणूनच वाचतो आहोत. पण ती आली, तर पैसे घेऊन खरेदीस तुम्ही सदैव तयार होता, हे तुम्हांला सिद्ध करावे लागेल. बँकेचे कर्जमंजुरी पत्र, खात्यातील शिल्लक, मुदतीपूर्वी पोस्टाने पाठविलेली नोटीस, हे कागद तेव्हा बोलतात.”

ताब्याच्या कलमाने खरेदीदार सुखावला होता. ‘आजरोजी ताबा दिला असे.’ दसऱ्याला दुकान उघडता येणार होते आणि भावांचे म्हणणे होते की, साठेखत 500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केले की काम झाले.

“ताबा आणि नोटरी या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत,” वकील म्हणाले. “खरेदीखताआधी ताबा द्यावयाचा ठरला, की महाराष्ट्रात ते साठेखत मुद्रांकासाठी खरेदीखतासारखेच धरले जाते. पूर्ण शुल्क आताच भरावे लागते. पुढे खरेदीखताच्या वेळी ते वजा होते. शिवाय कलम 53-अ चे संरक्षण, म्हणजे कराराप्रमाणे वागणाऱ्या खरेदीदाराचा ताबा विक्रेत्याला काढून घेता येऊ नये अशी ढाल, 24 सप्टेंबर 2001 पासून केवळ नोंदणीकृत साठेखतालाच मिळते. ही ढाल मोलाची आहे. श्रीमंत शामराव सूर्यवंशी विरुद्ध प्रल्हाद भैरोबा सूर्यवंशी या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, करारपूर्तीच्या दाव्याची मुदत टळली, तरी अटी पाळणाऱ्या खरेदीदारास ताब्याचे रक्षण करता येते. तुमच्या नोटरीच्या कागदाला मात्र ती मिळणार नाही.”

खरेदीदाराने हिशेब करून ताबा खरेदीखताच्या दिवशीच घेण्याचे ठरविले. तरीही साठेखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे, असा वकिलांचा आग्रह राहिला. नोंदविलेला करार सूची क्रमांक 2 मध्ये दिसतो आणि शोध घेणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकास ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणणे कठीण होते.

शेवटच्या पानावर कसुरीचे कलम होते. खरेदीदाराने कसूर केल्यास दिलेली सर्व रक्कम जप्त. विक्रेत्यांनी कसूर केल्यास मिळालेली रक्कम परत देऊन शिवाय विसाराइतके 5 लाख द्यावेत, ‘व त्यानंतर करार संपुष्टात येईल.’

“हे तर माझ्या फायद्याचे दिसते,” खरेदीदार म्हणाला.

“हीच ओळ तुम्हांला सर्वांत महाग पडेल. समजा, दोन महिन्यांत कोणी या जागेला 50 लाख देऊ केले. विक्रेत्यांना 8 लाख जास्त मिळतात. तुम्हांला 5 लाख देऊन ते मोकळे होतात आणि 3 लाख त्यांच्या पदरात राहतात. तुम्ही न्यायालयात गेलात, तर ते म्हणतील, पैसे देऊन सुटण्याची मुभा करारातच आहे. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचे कलम 23 नेमके हेच पाहते. करारात लिहिलेली रक्कम व्यवहार पुरा व्हावा या धाकासाठी असेल, तर करारपूर्ती मागता येते. व्यवहाराऐवजी पैसे देण्याचा पर्याय म्हणून असेल, तर मागता येत नाही.”

त्यांनी ती ओळ खोडून नवी लिहिली : ‘विक्रेत्यांनी कसूर केल्यास खरेदीदारास करारपूर्ती करून घेण्याचा हक्क राहील. वरील रक्कम हा त्या हक्काला पर्याय नाही.’

“आणि माझी कसूर झाली तर?”

“विसार जप्त होऊ शकतो, कारण तो व्यवहाराच्या खात्रीपोटी दिलेला असतो. त्यापुढचे 10 लाख हा किमतीचा भाग आहे. मसुद्याप्रमाणे तुमचे 15 लाख बुडतील. आपण विसारापुरतीच जप्ती ठेवू. तुमच्या बँकेने विक्रेत्यांच्या मालकी हक्कातील दोषामुळे कर्ज नाकारले, तर ती तुमची कसूर धरू नये आणि सर्व रक्कम परत मिळावी, हेही जोडू.”

दुरुस्त मसुदा दोन पानांनी वाढला. भावांनी 10 लाखांच्या हप्त्याची तारीख पंधरा दिवस अलीकडे मागितली आणि ती मिळाली. कोल्हापूरची बहीण नोंदणीच्या दिवशी विट्यास येईल, तिच्या वाट्याचा धनादेश तिच्याच नावे निघेल, असे ठरले. विसाराची रक्कम तोपर्यंत खरेदीदाराच्या खात्यातच राहिली.