वीस गुणांच्या उत्तरात कॉलऱ्याचे विष

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवी परीक्षेत ‘जिवाणूंची विषे’ हा वीस गुणांचा प्रश्न ओळखीचा आहे. ऐंशी गुणांची आणि तीन तासांची प्रश्नपत्रिका धरली, तर त्याच्या वाट्याला पाऊण तास येतो. बहुतेक उत्तरे बहिर्विष आणि अंतर्विष यांच्या फरकाचा तक्ता काढतात, दहा विषांची नावे देतात आणि तिथेच थांबतात. विष पेशीत जाऊन नेमके करते काय, हे सांगायचे राहून जाते आणि गुणही तिथेच जातात. माझ्या मते एकच विष शेवटपर्यंत नीट उलगडावे आणि बाकीचे मुद्दे त्याच्याभोवती मांडावेत. त्यासाठी कॉलऱ्याचे विष घ्यावे.

सुरुवातीचे तीन गुण व्याख्येचे आणि इतिहासाचे. रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कॉलऱ्यामागे जिवाणूचे विष असावे असे म्हटले होते, पण ते सिद्ध व्हायला 1959 उजाडले. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्यात जिवाणू गाळून काढलेले द्रव सोडले. आतड्यात पाणी साठले. म्हणजे जिवंत जिवाणूची गरजच नव्हती, त्याने बाहेर सोडलेला पदार्थ पुरेसा होता. बहिर्विषाची व्याख्या या प्रयोगातूनच सांगता येते, आणि पाठ केलेल्या वाक्यापेक्षा ती परीक्षकाला अधिक पटते.

पुढचे आठ गुण कार्यपद्धतीचे. इथे घाई करू नये. आकृती काढून क्रमाने लिहावे. या विषाचे दोन भाग असतात: एक ‘ए’ घटक आणि पाच ‘बी’ घटकांचे कडे. ‘बी’ घटक आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-1 या गँग्लिओसाइडला चिकटतात आणि ‘ए’ला आत जायची वाट मिळते. आत गेलेला ‘ए’चा तुकडा एनएडीमधला एडीपी-रायबोज काढून पेशीतल्या जीएस प्रथिनाला जोडतो. या प्रथिनाचे काम बटणासारखे आहे: चालू होते, मग स्वतःहून बंद पडते. विषामुळे ते बंद होतच नाही. अॅडेनिलेट सायक्लेज हे विकर अखंड चालू राहते आणि सायक्लिक एएमपीचे प्रमाण वाढत जाते. मग क्लोराइड पेशीतून आतड्यात वाहू लागते, त्यामागे सोडियम आणि पाणी. रुग्णाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि काही तासांत शरीर कोरडे पडू शकते.

याला जोडून एक परिच्छेद उपचाराचा द्यावा. हे विष पेशी मारत नाही, आणि ग्लुकोजबरोबर सोडियम शोषून घेण्याचा मार्गही बिघडवत नाही. म्हणून मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने दिले तरी शोषले जाते. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी याच तत्त्वावर रुग्ण वाचवले. कार्यपद्धती खरोखर समजलेला विद्यार्थी या परिच्छेदात ओळखू येतो.

आता तक्त्याकडे यावे. त्याला पाच गुण पुरेत. इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली: बहिर्विषे फक्त ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूच करतात असे लिहिले जाते. कॉलऱ्याचा जिवाणू तर ग्रॅम-निगेटिव्ह आहे, आणि त्याच्याकडे दोन्ही प्रकारची विषे असतात. दुसरी: सगळी बहिर्विषे उष्णतेने नष्ट होतात असे सरसकट विधान. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे अन्नविष उकळूनही टिकते, म्हणून ‘बहुतेक’ हा शब्द विसरू नये. अंतर्विषाबद्दल लिहिताना ते स्रवत नाही हे स्पष्ट करावे. ते ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाह्य पटलाचाच भाग असते, लायपोपॉलिसॅकराइड नावाचे, आणि त्यातला लिपिड-ए हा अंश घातक. जिवाणू फुटला की ते मोकळे होते, आपल्या पांढऱ्या पेशींना चेतवते, आणि ताप व रक्तदाब घसरणे ही त्या पेशींच्या प्रतिक्रियेची लक्षणे असतात. ऑटोक्लेव्हच्या 121 अंशांनी जिवाणू मरतात, तरी हे विष उरू शकते. म्हणून सलाइनसारख्या द्रवांची निर्जंतुकीकरणानंतरही अंतर्विषासाठी वेगळी तपासणी करावी लागते.

उरलेले चार गुण प्रतिबंधाचे. घटसर्प आणि धनुर्वाताचे विष फॉर्मॅलिनने निष्प्रभ केले की टॉक्सॉइड मिळतो; त्याची विषारी शक्ती जाते, पण शरीर त्याला ओळखून प्रतिपिंडे बनवते. अंतर्विषाचा असा टॉक्सॉइड करता येत नाही. कॉलऱ्याच्या तोंडाने द्यायच्या एका लसीत मारलेल्या जिवाणूंबरोबर फक्त ‘बी’ घटक असतो. तो पेशीला चिकटतो खरा, पण ‘ए’ नसल्याने पेशीतले बटण अडकत नाही.