कुंभार्ली उतरण्याआधी

मे महिन्यात पुण्याहून गुहागरला जायचं आहे. पाच माणसांची हॅचबॅक, डिकी गच्च भरलेली, सातारा रस्त्याने उंब्रजपर्यंत महामार्ग, मग पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला हा रस्ता दोन गोष्टींनी वेगळा पडतो: वजन आणि उष्णता. चाकातली हवा, कूलंट, ब्रेक, स्टेपनी यांची तपासणी याच दोन गोष्टींसाठी करायची असते. निघायच्या आदल्या रात्री नाही, तर चारपाच दिवस आधी करावी. काही निघालंच तर गॅरेजवाल्याला वेळ हवा, आणि सुट्टीच्या हंगामात त्याच्याकडे आधीच रांग असते.

सुरुवात हवेपासून. किती हवा भरायची हे टायरवर पाहू नका. तिथे कोरलेला आकडा टायर जास्तीत जास्त किती दाब सोसेल त्याचा असतो. तुमच्या गाडीला किती हवा, हे ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडल्यावर खांबावर किंवा दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. त्या पट्टीवर बहुतेकदा दोन ओळी असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक पूर्ण भारासाठी. दुसरी ओळ आपण सहसा वाचतच नाही. समजा पहिल्या ओळीत चारही चाकांना 33 पीएसआय आहे आणि दुसऱ्या ओळीत मागच्या चाकांना 38. गुहागरला जाताना ही दुसरी ओळ लागू होते, कारण मागच्या सीटवर तिघं आणि त्यांच्यामागे सगळं सामान आहे. अशा वेळी 33 वर समाधान मानलं की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्याने रबर आतून तापतं आणि महामार्गाच्या वेगात ही उष्णता बाहेर पडण्याआधीच साठत जाते. टायर फुटतो तो बरेचदा जास्त हवेने नाही, कमी हवेने.

पट्टीवरचे आकडे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली किंवा फार तर दीडदोन किलोमीटर चाललेली. सकाळी 24 अंशाला 33 असलेली हवा महामार्गावर तासभर चालून 55 अंशांवर गेली की गेजवर 37-38 दिसते. हे बरोबरच आहे, टायर त्या हिशेबानेच बनवलेला असतो. पण खंबाटकीच्या अलीकडे चहाला थांबल्यावर कुणी हवा तपासतो, ‘अरे, जास्त झालीय’ म्हणतो आणि काढून 33 करतो. तोच टायर दुसऱ्या दिवशी सकाळी 28-29 दाखवेल. तापलेल्या चाकातली हवा कधीच काढायची नाही.

मग पेट्रोल पंपावर भरायची कशी? पंपापर्यंत जाईतो टायर थोडे तापतात, आणि तिथल्या यंत्राचा आकडा कितपत बरोबर हेही ठाऊक नसतं. यासाठी एक छोटा डिजिटल गेज घरी ठेवावा. सकाळी गाडी हलवण्याआधी चारही चाकं मोजा आणि लिहून ठेवा. समजा पुढे 30 आणि 30, मागे डावीकडे 29, उजवीकडे 24 आलं. मागच्या डाव्या चाकाला हवी 38, म्हणजे 9 कमी. पंपावर पोहोचल्यावर तेच चाक 31 दाखवत असेल तर तिथे 40 पर्यंत भरा. फरक तेवढाच भरायचा, आकडा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजून खात्री करा. नायट्रोजन भरलेला असला तरी साधी हवा वर भरायला हरकत नाही. हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो.

आता त्या 24 कडे परत या. तीन चाकांतली हवा साधारण सारखीच उतरली आहे, म्हणजे दीडदोन महिन्यांत कुणी भरली नाही एवढंच. चौथं मात्र वेगळं काही सांगतंय. त्यात बारीक खिळा असेल किंवा व्हॉल्व्ह गळत असेल. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर प्रश्न सुटला. नाही आले तर पंक्चरवाल्याकडे न्या. टपरीवर अर्ध्या तासात होणारं हे काम घाटात करावं लागलं तर दोन तास जातात.

टायर पाहतोच आहात तर खोबणींच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे शोधा. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खोली 1.6 मिलिमीटर उरली, टायर संपला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ 2319, म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची खोबण भरपूर दिसते, पण रबर वयाने कडक होतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर खोबण पाहून फसू नका.

बॉनेट उघडल्यावर इंजिन ऑइलला फार वेळ लागत नाही. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. वरच्या खुणेच्या पलीकडे भरणंही वाईट, फेस होतो.

कूलंटची पारदर्शक टाकी थंड इंजिनावर बघायची. पातळी खालच्या खुणेपेक्षा कमी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला कूलंटच घाला. रंग सारखा दिसतो म्हणून तो त्याच जातीचा असेलच असं नाही. नळाचं पाणी अडचणीला चालतं, पण त्यातले क्षार रेडिएटरमध्ये बसतात. आणि दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधा. घाट चढताना इंजिन तापून काटा वर गेला तर एसी बंद करा, बाजूला थांबा, पण झाकणाला हात लावू नका. आत दाब असल्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच उकळून अंगावर येतं.

कुंभार्लीला खरी परीक्षा ब्रेकची. भरलेली हॅचबॅक साधारण 1400 किलोची धरा आणि उतार सुमारे 600 मीटरचा. ही सगळी उंची फक्त ब्रेक दाबून उतरवली तर ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात 25 लिटर पाणी उकळीला येईल. एवढी उष्णता चार चाकांतल्या मूठभर धातूला हवेत टाकावी लागते. म्हणून घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे बराचसा भार इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे महाभाग आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरची मदत दोनतीन दाबांत संपते आणि मग पेडल दगडासारखं घट्ट होतं.

तपासायचं काय? आधी ब्रेक ऑइल. बॉनेटखाली छोटी डबी असते. त्यातली पातळी खाली गेली असेल तर लगेच ओतू नका. ब्रेक पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. म्हणजे कमी पातळी ही बहुधा पॅडची खबर असते, किंवा मग गळतीची. दुसरी गोष्ट, हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट 3 ऑइल किमान 205 अंशांना आणि डॉट 4 किमान 230 अंशांना उकळायला हवं असं मानक आहे, पण पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा अनुक्रमे 140 आणि 155 पर्यंत येते. तापलेल्या ब्रेकजवळ ते उकळलं तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि सर्व्हिसिंगच्या बिलात ते खरंच बदललं का, हे बघायचं असतं. कोकणातला पावसाळा पाहिलेल्या गाडीला तर नक्कीच.

पॅड अलॉय चाकांच्या फटींतून टॉर्च मारून दिसतात. मागच्या धातूच्या पट्टीशिवाय नुसता पॅड तीन मिलिमीटरच्या आत आला असेल तर निघण्याआधी बदला. मागे ड्रम असतील तर घरी दिसणार नाही, ते गॅरेजमध्ये उघडून पाहावे लागतात. दोन चाचण्या मात्र घरच्या घरी होतात. इंजिन बंद असताना पेडल पाचसहा वेळा दाबा, घट्ट झालं की तसंच दाबून धरून गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर ठीक. मग इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात राहिलं, तर कुठेतरी दाब निसटतोय आणि ती गाडी गुहागरला नेऊ नये. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर नळीत हवा शिरलेली असते. याशिवाय रिकाम्या रस्त्यावर 40 च्या वेगाने नेहमीसारखा ब्रेक दाबून बघा. गाडी एका बाजूला ओढते का, किरकिरते का, एवढं कळतं.

आता स्टेपनी. तिच्यातली हवा वर्षभर कुणी पाहत नाही, त्यामुळे ऐन वेळी तीही बसलेली निघते. पट्टीवरच्या सर्वात मोठ्या आकड्याइतकी हवा भरून ठेवा, कमी करणं सोपं असतं. हल्लीच्या कित्येक गाड्यांत स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असते आणि तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. तिच्यावर स्वतःचा वेगळा आकडाही असतो, तो पाळायचा. काही गाड्यांना स्टेपनीच नसते. 2020 पासून ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर नियमाने ती सक्तीची नाही. तुमच्या गाडीत यातलं काय आहे, हे घाटात कळण्यापेक्षा आधी बघा.

हवेइतकीच नटांची काळजी घ्या. टायरच्या दुकानात नट हवेच्या बंदुकीने आवळतात, आणि गाडीबरोबर येणाऱ्या आखूड पान्याने ते सुटत नाहीत. घरी, गाडी जमिनीवर असताना, एकेक नट पाव फेरा सैल करून लगेच आवळून बघा. हलतच नसेल तर दुकानात सैल करून घ्या. जॅक, पाना आणि त्रिकोण सगळ्या सामानाच्या वर ठेवा, नाहीतर ते शोधायला सगळी डिकी रस्त्यावर रिकामी करावी लागते. चाक बदलताना नट आधी सैल करायचे, मग जॅक उचलायचा. तो खालच्या कडेवर पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच लावायचा. आवळताना समोरासमोरचे नट आळीपाळीने, आणि 50 किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा.

परतीच्या दिवशी सकाळी, आंब्याच्या पेट्या डिकीत चढवण्याआधी, थंड टायरची हवा एकदा मोजा. येताना 24 दाखवणारं ते मागचं चाक दुरुस्त झालं होतं. आता ते बाकीच्यांबरोबर आहे की पुन्हा मागे पडलंय, ते बघा. वाटेत स्टेपनी लावावी लागली असेल तर पंक्चर चिपळूणलाच काढून घ्या, कारण समोर कुंभार्लीचा चढ आहे आणि मागे दुसरी स्टेपनी नाही.